सूचना : सभागृहातील भांडी व खुर्च्या परत करण्याबाबत

दिनांक : २ जून २०२५

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, घरगुती कार्यांसाठी सभागृहातून नेलेल्या वस्तूंपैकी पुढील वस्तू अद्याप परत आलेल्या नाहीत, असे नोंदवहीशी साठा ताडून पाहिल्यावर आढळले आहे :

प्लास्टिकच्या खुर्च्या – १४
मोठी पातेली, झाकणांसह – ३
पराती – २
स्टीलची ताटे – २२
वाट्या – ३५
डाव व झारे – ५
तोटीचे पिंप – १

या वस्तू रविवार, १५ जून २०२५ रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत सभागृहाशेजारील खोलीत आणून द्याव्यात व नोंदवहीत परतीची सही करावी. भांडी घासून, कोरडी करून आणावीत. एखादी वस्तू मोडली वा हरवली असल्यास संकोच न करता तसे लेखी कळवावे, म्हणजे तिच्या जागी दुसरी वेळेत आणता येईल. पिंप मात्र कृपया आधीच पोहोचवावे, कारण २२ जूनच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील पिण्याच्या पाण्याची सोय त्यावरच अवलंबून आहे. नोंद न करता नेलेल्या वस्तूही निःसंकोच परत कराव्यात. त्याबाबत कोणतीही विचारणा होणार नाही. मुदतीनंतर न आलेल्या वस्तूंची किंमत नोंदीनुसार संबंधित सभासदाच्या पुढील देयकात धरली जाईल.

सचिव,
व्यवस्थापक समितीकरिता