फिजिओथेरपी प्रगती अहवाल: उजवा खांदा

प्रति, दावा विभाग

रुग्ण मालवणचे मच्छीमार, वय ५२. होडीत घसरून उजव्या दंडाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया नाही. सहा आठवड्यांत १२ सत्रे झाली.

गोनिओमीटरने मोजलेली, रुग्णाने स्वतः केलेली हालचाल: हात पुढून वर ७०° वरून १३०°, बाजूने ६०° वरून ११०°, बाहेर फिरवणे १०° वरून ३५°. वेदना १० पैकी ७ होती, आता ३.

पूर्वी पत्नी सदरा चढवायची. आता स्वतः घालतात, केस विंचरतात, फळीवरचा डबा काढतात. जाळे ओढणे मात्र अजून जमत नाही आणि पोट त्यावरच आहे. म्हणून आणखी ८ सत्रे मंजूर करावीत, ही कळकळीची विनंती.

उपचारक फिजिओथेरपिस्ट, मालवण