सेल्समन सागरसोबत ऑगस्टच्या विक्रीच्या टार्गेटबद्दलचं बोलणं

मॅनेजर: ये सागर, बस. चहा सांगितलाय. आज फक्त आपण दोघंच आहोत आणि विषय टार्गेटचा आहे, त्यामुळे सरळ त्यावरच येतो. जूनला 12 लाखांपैकी 10.1 झाले, जुलैला 9.3, ऑगस्टला 8.6. एखादा महिना खाली गेला असता तर मी विचारलंही नसतं, पण तीन महिने सलग खाली चाललंय.

सागर: सर, मार्केटच डाऊन आहे. पाऊस पण किती झाला.

मॅनेजर: पाऊस होता, मान्य. पण पाऊस सांगलीच्या बीटवर पण होता ना, तिथे तुझं बिलिंग नीट आहे. घसरण सगळी मिरजेत दिसतेय. 14 तारखेचंच बघ, ॲपवर 40 दुकानांचे कॉल, बिलं 6, पहिल्या दुकानाचा कॉल 11:50 ला. 21 ला पण तसंच. मी स्वतः शुक्रवारी स्टेशन रोडला फिरलो, दोन दुकानात आपल्या 10 रुपयेवाल्या बिस्किटाची जागा रिकामी होती, तिथे दुसऱ्याचा माल लावलेला. दुकानदार म्हणाला पोरगा चांगलाय पण ऑर्डर घ्यायचंच सोडलंय. असं का होतंय, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

सागर: ...सर खरं सांगू का, डिस्ट्रिब्युटरचा ड्रायव्हर मे मध्ये सोडून गेला, तेव्हापासून गाडी मिरजेला आठवड्यातून एकदाच जाते. मी ऑर्डर घेतो, माल पाचव्या दिवशी जातो, तोवर दुकानदाराने दुसरीकडून घेतलेला असतो, मग तो माल परत पाठवतो आणि शिव्या मी खातो. म्हणून हल्ली ऑर्डरसाठी जोरच करत नाही, जायलाही उशीर होतो.

मॅनेजर: हे मला मे मध्येच कळायला हवं होतं रे. गाडीचा प्रश्न तुझ्या हातातला नाही, तो माझा, उद्याच डिस्ट्रिब्युटरशी बोलतो, मिरजेला दोन फेऱ्या पाहिजेतच. पण 11:50 आणि न घेतलेल्या ऑर्डरी, त्या तुझ्या, त्यात मला सूट देता येणार नाही.

सागर: बरोबर आहे सर.

मॅनेजर: आता सप्टेंबरचं. पहिला कॉल साडेनऊच्या आत, मिरजेच्या बीटला रोज निदान 14 बिलं, आणि निम्मं बिलिंग 15 तारखेच्या आत. शेवटच्या चार दिवसात डिस्ट्रिब्युटरकडे माल कोंबून आकडा दाखवायचा नाही, तो पुढच्या महिन्यात आपल्याच अंगावर येतो. 14 जास्त वाटतात का? आत्ताच सांग.

सागर: गाडी दोनदा गेली तर जमेल. पहिल्या आठवड्यात 10 धरा, दुकानदारांचा विश्वास परत बसायला वेळ लागेल.

मॅनेजर: चालेल, पहिल्या आठवड्यात 10. बुधवारी मी दिवसभर तुझ्याबरोबर मिरजेत येतो, स्टेशन रोडवरच्या त्या दोन्ही दुकानात आपण एकत्र जाऊ. गाडी पुन्हा अडली तर महिनाअखेरची वाट बघू नको, त्याच दिवशी फोन कर. आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी 15 मिनिटं बसू, आकडे तू काढून आण.