तीन उन्हाळ्यांची जबाबदारी
(सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात वृक्षारोपण मोहिमेच्या शुभारंभी इको क्लबच्या विद्यार्थिनी प्रमुखाचे भाषण)

आदरणीय मुख्याध्यापक सर, शिक्षकवृंद, पालक-शिक्षक संघाचे सदस्य, वनखात्याच्या रोपवाटिकेतून आलेले काका आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

जुलैचा पहिला आठवडा म्हणजे वनमहोत्सव. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. तेव्हापासून देशभर दरवर्षी रोपे लागतात. पण मला आज लावण्यापेक्षा जगवण्याबद्दल बोलायचे आहे.

आपल्या गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. आज लावलेले रोप चवथीपर्यंत छान टवटवीत दिसेल. ते पाहून आपण खूश होऊ आणि विसरून जाऊ. मग ऑक्टोबरचे ऊन सुरू होते. आपल्या मैदानामागे मातीचा थर पातळ आहे, हाताभर खणले की जांभा दगड लागतो. पहिल्या वर्षीच्या मुळांना तो फोडून खोल जाता येत नाही. वरची माती सुकली की रोपही सुकते. फेब्रुवारी ते मे हीच त्याची खरी परीक्षा, आणि तेव्हा आपण आपल्या परीक्षेत नाहीतर सुट्टीत असतो.

म्हणून या वर्षी आम्ही फक्त ४० रोपे आणली आहेत. ४०० आणता आली असती. पण जेवढ्यांना पाणी घालू शकतो तेवढीच लावायची, असे इको क्लबने ठरवले आणि मला ते योग्य वाटते.

रोपेही विचार करून निवडली आहेत. झटपट वाढणारा ऑस्ट्रेलियन अकेशिया आम्ही आणलेला नाही. आणली आहेत ती माट्टी, भिरंड, जांभूळ, सुरंगी आणि ओवळ, आपल्या डोंगरातली आणि कुळागरातली झाडे. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची असते आणि ती आगीतही बराच तग धरते. त्याची फळे आपण चवथीला माटोळीला बांधतो. माटोळीचे सामान रानात मिळेनासे झाले की बाजारातून विकत आणावे लागते. ज्या फळांसाठी आजोबा डोंगरावर जायचे, ती झाडे शाळेच्या आवारात उभी राहिली तर किती बरे होईल!

भिरंडीची एक गंमत इथे सांगायलाच हवी. तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बी रुजवून केलेले रोप कुठले निघेल ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. त्याला सात-आठ वर्षे लागू शकतात. म्हणून भिरंडीची सहा रोपे विहिरीजवळ एकत्र लावणार आहोत. सोलकढीसाठी एवढा धीर धरायला काय हरकत आहे?

आता थोडे कामाचे. खड्डे दोन फूट खोल खणून तयार आहेत, शेजारी शेणखत ठेवले आहे. पिशवी ओढून काढू नका. ब्लेडने कापा, मुळांभोवतीची माती फुटता कामा नये. रोप सरळ धरून माती पायाने हलकेच दाबा, काठी बांधा. गुरे आत येतात, म्हणून कुंपण आजच घालायचे. पावसाळा संपला की बुडाशी सुक्या पानांचा जाड थर द्यायचा, ओल टिकते. आणि रोपांभोवतीचे गवत जानेवारीतच कापायचे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी आपण सत्तरीकर विसरलेलो नाही. सुकलेले गवत कसे भराभर पेटत जाते ते आपल्याला कुणी सांगायला नको.

प्रत्येक रोपाला दोन पालक आहेत, एक आठवी-नववीचा आणि एक पाचवी-सहावीचा. मोठा शाळा सोडून जाईल तेव्हा धाकटा जबाबदारी घेण्याइतका मोठा झालेला असेल. त्याच्यासोबत नवा जोडीदार येईल. मे महिन्यात कुणी आजोळी जाणार असेल, तर दुसऱ्याने राहायचे. दोघेही जाणार असतील तर आधी क्लबला सांगायचे, आम्ही माणूस देऊ. फक्त न सांगता जाऊ नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

आता आपापल्या जोडीदाराशेजारी उभे राहा. उजवा हात पुढे करा आणि माझ्यामागून म्हणा:

"आज आम्ही दोघे जे रोप लावत आहोत, त्याला पुढचे तीन उन्हाळे, पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत, शाळा असो वा सुट्टी, आठवड्यातून दोनदा आम्ही पाणी घालू."