पारासमोरच्या किराणा दुकानात आता फोननंही पैसे चालतील

राम राम मंडळी. हे वाचणाऱ्या पोरापोरींना आधी एक काम सांगतो. घरातल्या आजी-आजोबांना हे मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्हाला यातलं सगळं येतंच, लिहिलंय ते त्यांच्यासाठी.

सोमवारपासून दुकानाच्या काउंटरवर चौकोनी ठिपक्यांचा एक कागद आणि डब्बीएवढा स्पीकर ठेवलाय. कागदाला क्यूआर म्हणतात, आपल्या गावात त्याला सगळे 'स्कॅनर' म्हणायला लागलेत, तेच चालू द्या. फोनपे, गुगल पे, भीम, कोणतंही अॅप असलं तरी कागद हाच. फोननं पैसे दिले म्हणून एक रुपयाही जास्त घेणार नाही. स्पीकरचं भाडं माझं मी भरतो.

आता तुम्ही म्हणाल, यूपीआय येऊन इतकी वर्षं झाली, २०१६ साली आलं ते, तुला आज जाग आली का? खरंय. शहरातला पानवाला, भाजीवाला सगळे केव्हाच पुढं गेले. माझा विश्वास बसत नव्हता. त्यात दोन वर्षांपूर्वी एकानं तेलाचे दोन डबे घेतले, फोनवर हिरवी खूण दाखवली आणि गाडीला किक मारून गेला. तेव्हा मी धाकट्याच्या फोनवर पैसे घेत होतो. रात्री हिशोबाला बसलो तर जमा शून्य. खूण खोटीच होती. तेव्हापासून फोनचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. आता स्पीकर आलाय. पैसे खात्यात पडल्याशिवाय तो बोलत नाही, म्हणून मी तयार झालो.

दुसरं कारण म्हणजे चिल्लर. ४७ रुपयांचा माल झाला की तीन रुपयांच्या बदल्यात तुमच्या हातावर चॉकलेटं ठेवायची मला लाज वाटते. वरच्या आळीतल्या अक्कांनी तर परवा साठवलेली सगळी चॉकलेटं आणून काउंटरवर ओतली. "घे, याची मला चहापत्ती दे." मी दिली. काय बोलणार?

आणि तिसरं, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. श्रावणबाळचे पैसे, निराधारचे पैसे, शेतकरी सन्मानचे दोन हजार, सगळं आता खात्यात येतं. ते काढायला गंगाखेडला जायचं म्हणजे ऑटोचं जाऊन-येऊन भाडं, रांग, कधी सर्व्हर बंद, कधी अंगठा उमटत नाही. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठं? त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पाचशे रुपयांच्या किराण्यासाठी एवढी पायपीट कशाला? खात्यातले पैसे इथूनच दुकानाच्या खात्यात वळवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवतो. रोकड बंद नाही. खातेवहीही बंद नाही. ज्याला फोन नको त्यानं नोट द्यावी, ज्याचं सुगीवर चालतं त्याचं सुगीवरच चालेल. कुणावर जबरदस्ती नाही.

आता शिकायचं कसं ते बघू.

आधी फोन तयार करावा लागतो. टचचा फोन पाहिजे आणि बँकेत जो नंबर दिलाय तेच सिम त्यात पाहिजे. इथंच निम्म्या लोकांचं अडतं, कारण खातं उघडताना पोराचा नंबर दिलेला असतो आणि पोरगा असतो पुण्यात. तसं असेल तर आधी बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या, त्याला दुसरा इलाज नाही. सिममध्ये थोडं बॅलन्सही ठेवा, कारण अॅप सुरू होताना तुमच्या फोनवरून बँकेला एक मेसेज जातो. पुढं एटीएम कार्डावरून नाहीतर आधारवरून पिन तयार करायचा. चार आकडी किंवा सहा आकडी, बँक मागेल तसा. हा एटीएमचा पिन नाही, वेगळा आहे. जन्मसाल ठेवू नका, गाडीचा नंबर ठेवू नका. आणि फोनच्या कव्हरात चिठ्ठी तर मुळीच ठेवू नका, हे मी आमच्या वडिलांना तीनदा सांगितलंय.

हे घरी जमत नसेल तर दुपारी दोन ते चार दुकानात या. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि माझी पुतणीही कॉलेजातून आलेली असते. ती करून देईल. पिन मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा. त्या वेळी ती आणि मी दोघंही पाठ फिरवतो. कुणी म्हणालं, "आण, मीच टाकतो," तर फोन खिशात घाला आणि उठा. मग तो माझा पोरगा असला तरी.

आता पैसे द्यायची वेळ. समजा माल झाला २६५ रुपयांचा.

अॅप उघडा आणि 'स्कॅन' लिहिलंय तिथं बोट लावा. कॅमेरा सुरू होईल. फोन कागदापासून वीतभर लांब धरा. लोक फोन कागदाला चिकटवतात, मग काहीच दिसत नाही. हात थरथरत असेल तर कोपर काउंटरवर टेकवा.

कागद स्कॅन झाला की लगेच एक नाव येईल. ते वाचायचंच. नाव माझं नाही, वडिलांचं येईल, कारण दुकानाचं खातं त्यांच्या नावावर आहे. स्क्रीनवर ते इंग्रजीत येतं, म्हणून कागदाच्या बाजूला तसंच इंग्रजीत आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. अक्षरं जुळवून बघा. दुसरंच नाव आलं तर पैसे टाकू नका, मला हाक मारा. आपल्या कागदावर रातोरात दुसऱ्यानं स्वतःचा कागद चिकटवायचे प्रकारही होतात.

नंतर आकडा टाका, २, ६, ५. आता थांबा आणि आकडा मला वाचून दाखवा. हे मी मुद्दाम सांगतोय. पहिल्याच दिवशी एका मामांनी घाईत २६५० टाकले. शून्यावर बोट दाबलं गेलं, चष्मा घरी होता. स्पीकर ओरडला तेव्हा दुकानात सगळेच चमकले. मी वरचे पैसे जागीच परत केले, पण प्रत्येक दुकानात असं होईल याची खात्री नाही.

आकडा बरोबर असला की पुढं जा, पिन टाका आणि खालची खूण दाबा. हिरवी खूण येईल आणि दोन-चार सेकंदांत स्पीकर मराठीतून बोलेल, किती रुपये आले ते. तो बोलला म्हणजे व्यवहार झाला. तोवर तुम्हीही हलू नका आणि मीही पिशवी देत नाही. तुमच्यावर अविश्वास नाही बरं का, ते तेलाचे दोन डबे आठवतात.

पहिल्या खेपेला फक्त एक रुपया पाठवा. तो एक रुपया मी हातात परत देतो. वरच्या आळीतल्या अक्कांनी असंच केलं. आधी म्हणाल्या, "आरं लेकरा, मह्या पैशाला मधीच पाय फुटले तर?" स्पीकर बोलला तशा त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "परत बोलव त्याला." पाच वेळा एकेक रुपया पाठवला. आता २० रुपयांच्या साबुदाण्यालाही फोन काढतात आणि रांगेत मागं उभ्या असलेल्यांना शिकवतातसुद्धा.

कधी असंही होतं की तुमच्या खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि स्पीकर गप्पच. आपल्याकडं नेटवर्कचा काय भरवसा, वारं सुटलं की जातं. अशा वेळी दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. मी वहीत तारीख आणि रक्कम लिहून घेतो, तुम्ही माल घेऊन घरी जा. माझ्या खात्यात आले नाहीत तर ते आपोआप तुमच्या खात्यात परत येतात. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दुकानाच्या व्यवहारात ५ दिवसांच्या आत परत यायला पाहिजेत, त्यापुढं बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. पैसे परत आले की मग माझे द्या.

आता जरा नीट ऐका. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना लागत नाही. कधीच नाही. "तुमची पेन्शन अडकलीय, पिन टाका म्हणजे जमा होईल," असा फोन आला की समोरचा चोर आहे असं समजा. "बक्षीस लागलंय, हा कोड स्कॅन करा," तोही चोर. बँकेचा माणूस बनून गोड बोलतील, तुमचं नाव सांगतील, गाव सांगतील, एखादं अॅप टाकायला लावतील आणि मग तुमची स्क्रीन त्यांना दिसायला लागते. ओटीपी सांगायचा नाही. आपल्याच गावातल्या एका शिकलेल्या माणसाचे पेरणीच्या तोंडावर असे पैसे गेले, तेव्हा न शिकलेल्यांनी स्वतःला कमी समजू नये. असं काही झालंच तर लाजत बसू नका, लगेच 1930 नंबरला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. रात्र असली तर माझ्या घराचं दार वाजवा, मी लावून देतो.

ज्यांचा फोन बटनांचा आहे, त्यांना *99# लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. मी स्वतः करून बघितलं. आकडे दाबत दाबत पुढं जावं लागतं, मधेच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा नोट बरी, असं माझं मत.

पुण्या-मुंबईच्या लेकरांसाठीही एक सोय आहे, यूपीआय सर्कल म्हणतात तिला. आई-वडिलांना तुमच्या खात्यातून थेट खर्च करता येतो, महिन्याला १५ हजारांपर्यंत आणि एका वेळी ५ हजारांपर्यंत. किंवा दर वेळी तुम्ही होकार दिल्यावरच पैसे जातील असंही ठेवता येतं. दिवाळीला आलात की बसवून द्या. महिन्याचा किराणा कुणी भरायचा यावरून माझ्यासमोर बापलेकांची होणारी वादावादी तरी थांबेल.

वहीवरची जुनी बाकीही फोनवरून देता येईल. पैसे टाकले की एक फोन करा, तुम्ही समोर नाही म्हणून नोंद राहून जायला नको. मी लगेच वहीत खोडतो आणि पुढच्या वेळी आलात की दाखवतो.

बाजारच्या दिवशी शिकायला येऊ नका, त्या दिवशी मला पाणी प्यायलाही फुरसत नसते. बाकी कोणत्याही दुपारी या. पासबुक, आधार, एटीएम कार्ड असेल तर ते आणि चार्ज केलेला फोन आणा. चहा दुकानाकडून. चष्मा तेवढा घरी विसरू नका.