विषय: टीडीएस सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म १६-ए, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४, रक्कम १४,३०० रुपये

गिरगाव, मुंबई
२० फेब्रुवारी २०२५

सावंत साहेब, सप्रेम नमस्कार.

काल फोनवर आपण म्हणालात, "मॅडम, तुम्ही आमच्या पगारपत्रकावर नाही, तुम्हाला फॉर्म १६ कसा देणार?" आपलं बरोबर आहे. गोंधळ माझ्याच मेलमुळे झाला. ३ तारखेच्या मेलमध्ये मी घाईत नुसतं "फॉर्म १६ पाठवा" असं लिहिलं होतं, तिमाहीही लिहिली नव्हती. फॉर्म १६ पगारदारांसाठी. मला हवा आहे तो फॉर्म १६-ए, म्हणजे व्यावसायिक फीवर कापलेल्या कराचा. म्हणून आता सगळं नीट लिहिते.

आर्थिक वर्ष २०२४-२५, करनिर्धारण वर्ष २०२५-२६, तिसरी तिमाही. या तिमाहीत मी आपल्याला डिझाईनच्या कामाची तीन बिलं दिली: २४ ऑक्टोबरचं बिल क्र. ४१, रुपये ४५,०००. १८ नोव्हेंबरचं क्र. ४४, रुपये ६०,०००. आणि २० डिसेंबरचं क्र. ४७, रुपये ३८,०००. एकूण १,४३,०००. माझ्या बिलांवर जीएसटी नाही, त्यामुळे आपण कलम १९४-जे खाली पूर्ण रकमेवर १० टक्के कापलेत: ४,५००, ६,००० आणि ३,८००, मिळून १४,३००. उरलेले १,२८,७०० माझ्या खात्यात जमा झाले आहेत, त्याबद्दल काही तक्रार नाही.

खरी अडचण शेवटच्या बिलाची आहे. काल रात्री मी माझा २६-एएस उघडून पाहिला. आपल्या टॅनखाली ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या नोंदी आहेत, १,०५,००० वर १०,५००. ३८,००० ची नोंदच नाही. ते पैसे मला ६ जानेवारीला आले, ३४,२००, म्हणजे ३,८०० कापूनच आले. आता एवढंच पाहायचं आहे की आपल्या पुस्तकात हे बिल कधी चढलं. टीडीएस हा पुस्तकात माझ्या खात्यावर रक्कम जमा दाखवताना किंवा पैसे देताना, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. बिल डिसेंबरमध्येच चढवलं असेल तर ते तिसऱ्या तिमाहीत यायला हवं, आणि मग २६-क्यू मधून सुटलं आहे, दुरुस्ती विवरण भरावं लागेल. जानेवारीत चढवलं असेल तर ते चौथ्या तिमाहीत जाईल. तसं असेल तर माझी हरकत नाही, दोन्ही तिमाही एकाच आर्थिक वर्षातल्या आहेत. मग आत्ताचा १६-ए १०,५०० चा द्या आणि ३,८०० चा १५ जूनपर्यंत येईल असं मी धरते. विषयात मी १४,३०० लिहिलं आहे ते तीन बिलांच्या हिशोबाने. आणखी एक शक्यता म्हणजे पॅन. तो माझ्या बिलावर वर उजवीकडे छापलेला आहे, कृपया क्र. ४७ च्या नोंदीशी एकदा जुळवून घ्या. एक अक्षर चुकलं तरी ते पैसे माझ्या नावावर दिसत नाहीत.

परवा आपल्या ऑफिसातून आलेलं पत्रही बघितलं. एक्सेलमधला तक्ता, खाली शिक्का आणि सही. त्यासाठी कुणीतरी वेळ काढला, हे मला कळतं, पण ते सर्टिफिकेट म्हणून चालत नाही. फॉर्म १६-ए ट्रेसेसच्या पोर्टलवरूनच डाऊनलोड करावा लागतो, आणि त्यावर सर्टिफिकेट क्रमांक असतो. तिसऱ्या तिमाहीचं विवरण ३१ जानेवारीपर्यंत भरायचं आणि १६-ए १५ फेब्रुवारीपर्यंत द्यायचा अशी मुदत आहे. दोन नोंदी २६-एएस मध्ये दिसतात त्याअर्थी विवरण भरलेलं आहे, म्हणजे तेवढ्याचं सर्टिफिकेट आजही निघेल. पीडीएफ मेलवर पाठवलीत तरी पुरे, कागद नको. मरोळहून गिरगावात कुणाला पाठवू नका.

मी घाई का करते तेही सांगते. माझा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो. त्यातून टीडीएस वजा करूनच मी चलन भरते, म्हणून ३,८०० कुठे आहेत ते त्याआधी कळायला हवं. आपल्याला हे तीन हजार आठशे किरकोळ वाटतील, पण माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याला ती रक्कम दुसऱ्यांदा खिशातून भरणं जड जातं.

तेव्हा दोन गोष्टी: ऑक्टोबर-नोव्हेंबरचा फॉर्म १६-ए या आठवड्यात, आणि बिल क्र. ४७ कोणत्या तिमाहीत धरलंत याचं एका ओळीचं उत्तर २८ फेब्रुवारीपर्यंत. तिन्ही बिलं आणि बँकेच्या जमा नोंदी सोबत जोडल्या आहेत. संध्याकाळी सहानंतर फोन केलात तर मी समोर कागद घेऊन बसलेली असते.

आपली,
मेधा