गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत

डोंबिवली, 27 एप्रिल 2026

सुरेशभाऊ,
स. न. वि. वि.

रविवारच्या बैठकीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की थेट वकिलाची नोटीस पाठवावी. मी थांबवलं. म्हटलं, तीन वर्षांपूर्वी याच माणसाने टाकीचं काम केलं आणि आजवर एक थेंब गळला नाही, आधी मी लिहितो. तेव्हा हे पत्र रागाने लिहिलेलं नाही, पण यातली तारीख मात्र पक्की आहे.

शनिवारी गच्चीवर गेलो होतो. जिन्याच्या बाजूला कोब्यावर हातोडीने ठोकत गेलो, तर आठ-दहा ठिकाणी पोकळ आवाज आला. पाइपाच्या तोंडाशी उतार उलटा पडलाय, बादलीभर पाणी ओतलं ते तिथेच साचून राहिलं. कठड्याच्या कडेचा वाटा दोन जागी भिंतीपासून सुटलाय, फटीत नख जातं. सिमेंट पीपीसी होतं, त्याला दहा दिवस पाणी मारायला हवं. वॉचमन सांगतो, चौथ्या दिवसापासून गच्ची कोरडीच होती. मला वाटतं मूळ दुखणं हेच आहे. तुमची माणसं दुसऱ्या साइटवर गेली होती हे तुम्ही फोनवर मोकळेपणी सांगितलंत, ते मला आवडलं. पण चौथ्या मजल्यावरच्या आजींनी गेला अख्खा पावसाळा पलंगाशेजारी पातेलं ठेवून काढलाय. यंदा त्यांना पुन्हा तेच करायला मी सांगू शकत नाही.

म्हणून सोमवारी, 4 मे रोजी काम सुरू करा. पोकळ भाग फोडून नव्याने कोबा, उताराची दुरुस्ती आणि वाटा, हे सगळं बुधवार, 13 मेच्या संध्याकाळपर्यंत संपलं पाहिजे. त्यापुढचे दहा दिवस पाणी मारायची जबाबदारी तुमचीच. हवं तर आमचा वॉचमन लक्ष ठेवील. 24 मेला सकाळी आपण दोघं मिळून पाणी साठवू, 27 ला खालच्या घरांची छतं बघू. कोरडी निघाली की उरलेल्या 1,40,000 रुपयांचा चेक त्याच दिवशी तुमच्या हातात देईन. दुरुस्तीचा वेगळा खर्च मात्र संस्था देणार नाही.

13 तारीख चुकली तर माझ्या हातात काही राहणार नाही. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, त्याआधी दुसऱ्या माणसाकडून काम करून घेऊन तो खर्च तुमच्या रकमेतून वळता करावा लागेल. तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सामान वर चढवायला लिफ्ट हवी असेल, पाण्याची अडचण असेल, तर आत्ताच सांगा, सोय करतो. 4 तारखेला किती माणसं येणार, तेवढं गुरुवारपर्यंत लेखी कळवा.

आपला,
सचिव, गृहनिर्माण संस्था