पत्रकार दिनाचं भाषण, तालुका प्रेस क्लब

मंडळी, सत्कार झाला, नारळ मिळाला, आता दोन शब्द ऐकाच. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्रींनी दर्पण काढलं, ते आपल्या कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. आणि ह्याच कोकणात, राजापुरात, फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशेंना बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीखाली चिरडलं. राज्यात पत्रकार संरक्षण कायदा २०१७ लाच पास झालेला, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड वगैरे, पण कायदा काय आपल्या बाईकवर मागे बसून येतो का?

म्हणून सांगतो, धाडस म्हणजे ठोकून देणं नव्हे. सातबारा काढा, फेरफार बघा, ग्रामसभेचा ठराव माहितीच्या अधिकारात मागा, तीस दिवस लागले तर लागू देत. वाळूवाल्याला फोन करून त्याचं म्हणणं घ्या, शिव्या दिल्या तरी घ्या आणि "प्रतिक्रिया दिली नाही" हे खरोखर विचारल्यावरच लिहा. व्हॉट्सॲपवरचा फोटो उचलून "सूत्रांकडून समजते" टाकायचं आणि वर त्याच माणसाकडून वाढदिवसाची जाहिरात घ्यायची, हे धंदे बंद करा राव.

आणि सरपंचाच्या आडनावाचं स्पेलिंग तरी बरोबर छापा! चला, चहा आलाय, प्रश्न असतील तर तिकडेच विचारा.